पालक संघाकडं विज्ञान प्रकल्पासाठी पैसे मागायचं पत्र कसं लिहायचं (अंदाजपत्रक आणि पूर्ण नमुन्यासकट)

नवीन लागलेले बरेच विज्ञान शिक्षक विचारायलेत की सर, पालक संघाकडं प्रकल्पासाठी निधी मागायचाय, एखादा फॉरमॅट असला तर पाठवा. फॉरमॅट पाठवून काही होत नाही हो. विषय, महोदय, आपला विश्वासू हे सगळ्यांना येतं. पत्र अडकतं ते खाली जोडलेल्या आकड्यांवर, कारण बैठकीत बसलेला पालक हा शेतकरी असतो, किराणा दुकानदार असतो, नाहीतर ड्रायव्हर असतो आणि त्याला हिशोब तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला कळतो. म्हणून एकच प्रकल्प घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो. तुमचा प्रकल्प दुसरा असला तरी चालंल, आकडा कुठून आला ते बघा.

प्रकल्प असा: नववीची ४० लेकरं, ८ गट, गावातले पाण्याचे १२ सोर्स (बोअर, हातपंप, आड, नळयोजना सगळं मिळून) आणि प्रत्येकाचं पाणी वर्षातून दोनदा तपासायचं. पहिली फेरी दिवाळीच्या सुट्टीनंतर, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरलेलं असताना, आणि दुसरी मार्चच्या मध्याला, पातळी खाली गेल्यावर. तपासायचं काय, तर टीडीएस, पीएच आणि एकूण कठीणपणा. आपल्या भागात खाली काळा बेसाल्ट खडक, त्याच्या भेगांतलं पाणी बहुतेक ठिकाणी जड, डाळ लवकर शिजत नाही आणि पातेल्याला पांढरा थर बसतो हे घरोघरी माहीत आहे. त्यामुळं विषय पालकांना समजावून सांगावा लागत नाही.

आधी हे जमवून ठेवा

- १२ सोर्सची यादी, मालकाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या होकारासकट
- दुकानांची लेखी कोटेशनं, शक्यतो तीन
- शाळेच्या लॅबमधे काय पडून आहे त्याची यादी
- दोन्ही फेऱ्यांचं वेळापत्रक
- मागच्या वर्षी संघानं काही दिलं असेल तर त्याचा हिशोब (हा नसला तर बाकी सगळं असून उपयोग कमी)
- पत्राच्या दोन प्रती, एकावर पोच घ्यायची

## १. पत्र नेमकं कुणाला लिहायचं ते आधी बघा

जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, ती २००९ च्या आरटीई कायद्यानं आलेली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. संस्थेच्या शाळेत शिक्षक-पालक संघ असतो. काही शाळांत दोन्ही असतात आणि मग नवीन माणसाचा घोळ होतो. साधा नियम असा की शाळेला सरकारकडून जे अनुदान येतं त्यातून खर्च करायचा असेल तर व्यवस्थापन समितीकडं जा, आणि पालकांनी स्वतःहून जमवलेला निधी असेल तर तो ज्यांच्या खात्यात आहे त्यांच्याकडं. खातं कुणाच्या सहीनं चालतं हे क्लार्कला विचारलं की लगेच उत्तर मिळतं.

पत्र थेट द्यायचं नाही, मुख्याध्यापकांमार्फत द्यायचं. बऱ्याच ठिकाणी संघाचे अध्यक्ष मुख्याध्यापकच असतात, उपाध्यक्ष पालकांतले आणि सचिव शिक्षकांतला. मग स्वतःच्याच मुख्याध्यापकाला त्यांच्याचमार्फत पत्र लिहायला विचित्र वाटतं, पण लिहायचं, कारण आवक नोंद त्याशिवाय होत नाही आणि बैठकीच्या विषयपत्रिकेवर विषय येत नाही. आयत्या वेळचा विषय म्हणून घुसवायला जाऊ नका. आयत्या वेळी आलेल्या पैशाच्या विषयाला पालक हमखास म्हणतेत, पुढच्या मीटिंगला बघू.

दुसरं, टायमिंग. संघाची कार्यकारिणी दरवर्षी शाळा सुरू झाली की नवीन होते, म्हणून एप्रिलमधे जुन्या मंडळींकडून होकार घेऊन ठेवण्यात अर्थ नाही, जूनमधे नवीन मंडळी म्हणतील आम्हाला काही माहीत नाही. आपली पहिली फेरी दिवाळीनंतर आहे ना, मग पत्र ऑगस्टमधे द्या, सप्टेंबरच्या बैठकीत मंजुरी, ऑक्टोबरमधे खरेदी.

आणि एक लक्ष्मणरेषा. "प्रत्येक विद्यार्थ्याकडून दीडशे रुपये घ्यावेत" असलं वाक्य पत्रात कुठंच नको. पहिली ते आठवीच्या लेकरांकडून शिक्षणासाठी सक्तीची वर्गणी घेणं आरटीईत बसत नाही, आणि नववी-दहावीला कायदा वेगळा असला तरी ज्याच्या घरी यंदा सोयाबीन पाण्यात गेलंय त्याच्या पोराला वर्गात हात वर करून "सर, पैसे आणले नाहीत" म्हणायला लावायचं का? मागणी संघाच्या जमा निधीतून करा, आणि कमी पडलं तर ऐच्छिक देणगी असा शब्द वापरा.

## २. दर विचारायच्या आधी नग काढा

इथंच अंदाजपत्रक खरं किंवा खोटं ठरतं. दुकानात जाऊन "पाणी तपासायचं किट केवढ्याला" विचारायचं आणि तो आकडा लिहायचा, असं बहुतेक जण करतेत. उलटं करा. आधी किती वेळा तपासणार ते मोजा.

१२ सोर्स, २ फेऱ्या, प्रत्येक सोर्सची ३ रीडिंग (एकच रीडिंग घेतलं तर लेकरानं चुकून जास्त थेंब टाकले की काय ते कळत नाही). १२ गुणिले २ गुणिले ३, झाल्या ७२ तपासण्या. आता कठीणपणाच्या किटवर लिहिलेलं असतं "१०० टेस्ट". म्हणजे एक किट पुरंल, हो ना? नाही पुरत, आणि मराठवाड्यात तर अजिबात नाही.

कारण सांगतो. हे किट थेंब मोजायचं असतं. पाण्यात आधी बफर टाकायचा, मग इंडिकेटर, पाणी वाइनसारखं लालसर होतं, मग ईडीटीएचा एक एक थेंब टाकत हलवायचं, रंग स्वच्छ निळा झाला की थांबायचं. समजा एक थेंब म्हणजे लिटरला २५ मिलिग्रॅम कठीणपणा (हे आकडे कंपनीगणिक वेगळे असतात, किटच्या पत्रकावर बघा). ईडीटीएची बाटली ५० मिलिलिटरची, एका मिलिलिटरला साधारण २० थेंब, म्हणजे बाटलीत हजार थेंब. कंपनी टेस्टला १० थेंब धरते म्हणून १०० टेस्ट, आणि १० थेंब म्हणजे २५० कठीणपणाचं पाणी झालं. आमच्या एका बोअरचं पाणी जवळच्या कॉलेजच्या लॅबमधे आधी तपासून घेतलं तर ६२० आलं. म्हणजे एका टेस्टला २५ थेंब. ७२ तपासण्यांना १,८०० थेंब. एका बाटलीत ४० टेस्टमधे खडखडाट, आणि तेही पहिली फेरी संपून दुसरी सुरू झाल्या झाल्या, जेव्हा परत संघाकडं जाऊन पैसे मागायला तोंड राहत नाही.

म्हणून अंदाजपत्रकात एक किट आणि ईडीटीएची एक जास्तीची बाटली. दोन मिळून २,००० थेंब, उरलेल्या २०० थेंबांत लेकरांची ८ वेळा प्रॅक्टिस होते. पाणी निम्मं डिस्टिल वॉटर घालून पातळ करायचं आणि उत्तर दुप्पट करायचं असाही उपाय आहे, पण मग प्रत्येक थेंबाची चूक पण दुप्पट होते, त्यामुळं तो अडीअडचणीला ठेवा.

ज्यांच्या शाळेला ज्युनियर कॉलेजची लॅब आहे त्यांनी किट घेऊच नये असं माझं मत. ब्युरेट असतंच. ३.७२ ग्रॅम डायसोडियम ईडीटीए एक लिटर डिस्टिल वॉटरमधे विरघळवलं की ०.०१ मोलर द्रावण होतं, ५० मिलिलिटर पाणी घेतलं तर ब्युरेटचा एक मिलिलिटर म्हणजे २० मिलिग्रॅम कठीणपणा. स्वस्त पण पडतं आणि अचूक पण. फक्त तोलायला नीट तराजू पाहिजे आणि नववीच्या लेकरांजवळ सर सतत उभे पाहिजेत. आमच्याकडं ४० लेकरं आणि तराजू हललेला, म्हणून पुढचा हिशोब किटचाच.

पीएच पेपर घेताना १ ते १४ चा घेऊ नका, विहिरीच्या पाण्यात त्याच्यावर सगळीकडं सातच्या आसपास एकच हिरवा रंग दिसतो. ६.५ ते ९ असा कमी रेंजचा मागा. टीडीएस पेन दोन, कारण एक बंद पडलं तर फेरी थांबते, आणि सोबत ३४२ पीपीएमचं कॅलिब्रेशन द्रावण, ते पेनवाल्याकडंच मिळतं. हे पेन खरं तर पाण्याची वीजवाहकता मोजून त्याचं टीडीएस करतं, त्यामुळं अधूनमधून तपासावं लागतं. डिस्टिल वॉटर केमिकलच्या दुकानातून आणायची गरज नाही, बॅटरीच्या दुकानातला ५ लिटरचा कॅन आपल्याला धुवायला पुरतो. त्यात पेन बुडवून बघा, शून्याच्या जवळ आलं तर ठीक, दीडशे-दोनशे दाखवलं तर त्यानं नळाचं पाणी भरून दिलंय.

## ३. कोटेशन घेताना हे विचारा

लातूर, नांदेड, संभाजीनगर कुठंही शालेय लॅब साहित्याची दुकानं आहेत. फोनवर दर घेऊन चालत नाही, दुकानाच्या लेटरहेडवर, तारखेसकट आणि शाळेच्या नावानं पाहिजे. दर जीएसटी धरून आहे का वेगळा, हे विचारा. कोटेशनच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "कर अतिरिक्त" लिहिलेलं असतं आणि बिल आल्यावर मंजूर रकमेपेक्षा जास्त निघतं. कुरिअरचं पण तसंच.

तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, किटची एक्स्पायरी. आपली दुसरी फेरी मार्चमधे आहे. दुकानात पडून असलेलं, जानेवारीत संपणारं किट सवलतीत देतो म्हणतेत, ते घ्यायचं नाही. इंडिकेटर जुना झाला की लाल-निळा बदल स्पष्ट दिसत नाही, मधेच जांभळट अडकतो आणि लेकरं थेंब टाकत बसतेत. कोटेशनवरच "एक्स्पायरी पुढच्या जूननंतरची" असं लिहून घ्या.

ऑनलाइन स्वस्त दिसलं तर तो दर पण जोडा, पालकांतलं कुणीतरी मोबाईलवर बघणारच आहे.

## ४. अंदाजपत्रक

खालचे दर आमच्या उदाहरणातले आहेत, तुमच्याकडं तुमच्या कोटेशनप्रमाणं टाका. रकाने मात्र हेच ठेवा, नग आणि दर वेगवेगळे दिसले पाहिजेत.

| क्र. | वस्तू | नग | दर (रु.) | रक्कम (रु.) |
|---|---|---|---|---|
| १ | टीडीएस पेन | २ | ३५० | ७०० |
| २ | कॅलिब्रेशन द्रावण | १ | २०० | २०० |
| ३ | पीएच पेपर, ६.५ ते ९ | २ | ९० | १८० |
| ४ | कठीणपणा तपासणी किट | १ | ८५० | ८५० |
| ५ | ईडीटीए जादा बाटली, ५० मिलि | १ | २५० | २५० |
| ६ | नमुना बाटल्या, ५०० मिलि | १५ | २० | ३०० |
| ७ | डिस्टिल वॉटर, ५ लिटर कॅन | २ | ११० | २२० |
| ८ | संरक्षक चष्मे | ६ | ७० | ४२० |
| ९ | हातमोजे, बॉक्स | १ | ३५० | ३५० |
| १० | लेबल, मार्कर | – | – | १५० |
| ११ | प्रयोगशाळेत पडताळणी | ३ | ५०० | १,५०० |
| १२ | एसटी प्रवास, जाऊन येऊन | २ माणसं | २४० | ४८० |
| | बेरीज | | | ५,६०० |
| | आकस्मिक खर्च, ५ टक्के | | | २८० |
| | संघाकडं मागणी | | | ५,८८० |
| | शाळा देणार: ८ नोंदवह्या (४० प्रमाणे ३२०) आणि २४ चौरस फूट फ्लेक्स (१५ प्रमाणे ३६०) | | | ६८० |
| | प्रकल्पाचा एकूण खर्च | | | ६,५६० |

शेवटच्या दोन ओळी काढू नका. शाळा पण काहीतरी घालतीय हे दिसलं की बैठकीतलं वारं बदलतं.

आकस्मिक खर्च ५ टक्केच ठेवा आणि तो कशासाठी ते तोंडी सांगता आलं पाहिजे. आमच्या यादीत पेनचे बटन सेल नाहीत, फुटलेली बाटली नाही, ते यातून. मी असली अंदाजपत्रकं बघितलीत ज्यात बेरीज ५,६०० आणि मागणी सरळ ७,०००, मधले चौदाशे "इतर". त्या एका "इतर"वर अर्धा तास चर्चा होते आणि प्रकल्प बाजूला राहतो.

अकराव्या ओळीबद्दल. जिल्ह्याला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची पाणी तपासणी प्रयोगशाळा असते. तिथं आधी जाऊन दर, नमुना किती लिटर लागतो आणि काढल्यापासून किती वेळात पोचवायचा ते विचारून या. १२ पैकी ३ नमुने तिथं द्यायचे. एक तर लेकरांचं रीडिंग आणि प्रयोगशाळेचं रीडिंग जुळतं का ते कळतं, आणि दुसरं, फ्लोराईड आणि नायट्रेट आपल्या किटनं कळतच नाही, ते तिथूनच कळंल.

## ५. आता पत्र

एक पान, त्याच्या वर नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तो उन्हाळा कुणी विसरलेलं नाही, पण म्हणून पत्राची सुरुवात दुष्काळानं आणि "पाणी हेच जीवन"नं करू नका. पालकांनी तो भोगलाय. किती सोर्स, किती लेकरं, किती पैसे, एवढं वरच्या चार ओळीत आलं पाहिजे.

> दिनांक: __ ऑगस्ट ____
>
> प्रति,
> मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष व सदस्य,
> शिक्षक-पालक संघ, (शाळेचे नाव, गाव, तालुका)
>
> मार्फत: मा. मुख्याध्यापक
>
> विषय: इयत्ता नववीच्या "गावातील पाण्याची तपासणी" या विज्ञान प्रकल्पासाठी रु. ५,८८० निधी मिळणेबाबत.
>
> महोदय/महोदया,
>
> इयत्ता नववीचे ४० विद्यार्थी आपल्या गावातील १२ पाणीस्रोतांची दोन वेळा तपासणी करणार आहेत. पहिली फेरी दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत व दुसरी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होईल. पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पाण्यातील क्षार, पीएच व कठीणपणा यांत किती फरक पडतो, हे विद्यार्थी स्वतः मोजून नोंदवतील.
>
> एकूण खर्च रु. ६,५६० आहे. त्यापैकी रु. ६८० शाळा करणार आहे. उर्वरित रु. ५,८८० संघाच्या निधीतून मिळावेत, ही विनंती. तपशीलवार अंदाजपत्रक सोबत जोडले आहे. कोणत्याही विद्यार्थ्याकडून वर्गणी घेतली जाणार नाही.
>
> संपूर्ण रक्कम देणे शक्य नसल्यास प्रयोगशाळेतील पडताळणी व प्रवास (अ. क्र. ११ व १२) वगळून रु. ३,८०० मध्ये प्रकल्प करता येईल. मात्र तसे केल्यास फ्लोराईड व नायट्रेटची माहिती मिळणार नाही आणि विद्यार्थ्यांच्या मोजणीची पडताळणी होणार नाही.
>
> या तपासणीतून पाण्यातील जंतूंची माहिती मिळत नाही. त्यामुळे एखादे पाणी पिण्यास योग्य आहे की नाही, असा निष्कर्ष या प्रकल्पातून काढला जाणार नाही.
>
> विद्यार्थी आडात किंवा विहिरीत उतरणार नाहीत. पाणी मालक किंवा शिक्षक काढून देतील. रसायने हाताळताना चष्मे व हातमोजे वापरले जातील.
>
> खर्चाची मूळ बिले व हिशोब दुसरी फेरी संपल्यानंतर १५ दिवसांत सादर करण्यात येईल. शिल्लक रक्कम संघाच्या खात्यात परत भरली जाईल. टीडीएस पेन व चष्मे शाळेच्या मालकीचे राहतील.
>
> तरी येत्या बैठकीत या विषयास मंजुरी मिळावी, ही विनंती.
>
> आपला/आपली विश्वासू,
> (सही, नाव, विज्ञान शिक्षक)
>
> सहपत्रे: १) अंदाजपत्रक २) तीन दरपत्रके ३) पाणीस्रोतांची यादी व संमती ४) वेळापत्रक

३,८०० कुठून आले? ५,६०० मधून १,५०० आणि ४८० गेले, राहिले ३,६२०, त्याचे ५ टक्के १८१, म्हणून १८० धरले. हा दुसरा पर्याय पत्रातच लिहिणं फार गरजेचं आहे. नाहीतर बैठकीत कुणीतरी म्हणतं "साडेतीन हजार देऊ, तेवढ्यात भागवा", सगळे माना डोलवतेत, आणि काय कापायचं ते ठरवलेलंच नसल्यानं शेवटी चष्मे आणि हातमोजे कापले जातेत, जे कापायलाच नको. बफरमधे अमोनिया असतो, डोळ्यात गेला तर काय ते सांगायला नको.

## ६. जंतूंचं वाक्य का टाकलं ते समजून घ्या

पत्रातलं हे वाक्य मुख्याध्यापक खोडायला सांगतील, म्हणतील कशाला नकारात्मक लिहायचं. खोडू नका. गावात तपासणी म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न "आमच्या बोअरचं पाणी चांगलं आहे का" हाच असतो, आणि टीडीएस पेन हे सांगूच शकत नाही. गटाराजवळच्या हातपंपाचं टीडीएस ४०० येऊ शकतं आणि त्यात जंतू असू शकतेत. उलट शेतातल्या खोल बोअरचं ११०० येतं आणि वर्षानुवर्षं लोक तेच पितेत.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० आहे. त्यात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, पण दुसरा सोर्सच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलंय. कठीणपणाचं तसंच, २०० आणि ६००. आता एखाद्या पोरानं फक्त पहिला आकडा वाचून फ्लेक्सवर लाल शाईनं "पाटलांच्या बोअरचं पाणी अयोग्य" लिहिलं, तर पुढच्या वर्षी निधी तर सोडाच, त्या रस्त्यानं जाणं अवघड होईल. म्हणून फ्लेक्सवर मालकांची नावं टाकायची नाहीत, सोर्सला १ ते १२ नंबर द्यायचे, आणि दोन्ही मर्यादांच्या रेघा आखून आपले आकडे मधे मांडायचे. ज्याचा त्याचा नंबर मालकाला खासगीत सांगायचा. संमतीच्या कागदावर पण हेच लिहा, मग सह्या पटकन मिळतेत.

प्रयोगशाळेच्या रिपोर्टमधे फ्लोराईड दीडच्या वर किंवा नायट्रेट ४५ च्या वर निघालं तर मात्र तो विषय लेकरांच्या प्रकल्पाचा राहत नाही. रिपोर्टची प्रत मुख्याध्यापकांच्या पत्रासोबत ग्रामपंचायतीला द्यायची आणि आवक नंबर घ्यायचा.

## ७. बैठकीत काय विचारतील

उपाध्यक्ष ताई असोत नाहीतर मागं बसलेले कुणी अण्णा, प्रश्न साधारण तेच येतेत. पहिला: "गुरुजी, हे सामान पुढच्या वर्षी कामाला येईल का?" खरं सांगा. पेन, चष्मे आणि बाटल्या येतील, म्हणजे १,४२० रुपयांचं सामान राहील. किट, पेपर, द्रावण संपेल. सगळंच टिकाऊ आहे असं म्हणालात तर पुढच्या ऑगस्टला परत किट मागताना तेच अण्णा आठवण करून देतील.

दुसरा प्रश्न हमखास: "मोबाईलवर हे पेन दीडशेला दिसतंय." मिळतं. पण बिल शाळेच्या नावानं मिळतं का, आणि बंद पडलं तर बदलून कोण देतं, एवढं विचारा. दोन्हीचं उत्तर हो असलं तर खुशाल तेच घ्या, उरलेले पैसे परत जातील. उगीच वाद घालण्यात काही नाही.

तिसरा जरा नाजूक असतो. "दहावीच्या वर्गाला का नाही?" म्हणजे ज्यांची लेकरं दहावीत आहेत ते. मार्चमधे बोर्डाची परीक्षा असते आणि आपली दुसरी फेरी पण मार्चमधेच, एवढं उत्तर पुरतं.

मंजुरी तोंडी घेऊन उठू नका. ठराव इतिवृत्तात गेला पाहिजे आणि त्यात रक्कम अक्षरी पाहिजे, "रुपये पाच हजार आठशे ऐंशी फक्त". ठरावाची झेरॉक्स स्वतःच्या फाईलला लावा.

## ८. पैसे आल्यावर

रक्कम स्वतःच्या खात्यावर किंवा फोन-पेवर घेऊ नका, कुणी कितीही सहज म्हणाला तरी. दुकानाला संघाच्या खात्यातून चेक किंवा ऑनलाइन, आणि किरकोळ खर्चाला फक्त क्लार्ककडून अ‍ॅडव्हान्स, सही करून.

बिल शाळेच्या नावानं, तारीख मंजुरीच्या नंतरची. सवलत मिळतीय म्हणून ठरावाच्या आधीच खरेदी केली तर ते बिल हिशोबात अडकतं. एसटीचं तिकीट जपून ठेवा, ते पातळ कागदाचं असतं आणि शाई महिन्याभरात उडते, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढून मागं तारीख आणि काम लिहा. टीडीएस पेन आणि चष्मे डेड स्टॉक रजिस्टरला चढवा, किट आणि पेपर उपभोग्य वस्तूंच्या नोंदवहीत. किट एप्रिलमधे रिकामं झालं की तिथंच "वापरून संपले" लिहून मुख्याध्यापकांची सही घ्यायची.

हिशोबाचा कागद अंदाजपत्रकाचाच घ्या, तेच बारा क्रमांक, फक्त शेजारी "मंजूर" आणि "प्रत्यक्ष" असे दोन रकाने. एखाद्या ओळीत जास्त लागलं असेल तर ते आकस्मिकमधून गेलं असं पुढं लिहा, दुसऱ्या ओळीतली बचत तिकडं वळवू नका. शिल्लक अगदी ११२ रुपये राहिली असली तरी खात्यात भरून पावती हिशोबाला टाचा, आणि तो हिशोब लेकरांच्या फ्लेक्ससोबत वर्षाच्या शेवटच्या बैठकीत ठेवा, म्हणजे जूनमधे नवीन कार्यकारिणी आली तरी तो इतिवृत्तात असतो.